चिठ्ठी कुणाच्या नावाची?

सायली, नमुना निवडीचा प्रश्न समोर आला की चारही पर्यायांवर हात ठेव आणि आधी फक्त गोष्ट वाच. मार्केटिंग रिसर्चच्या क्विझमध्ये हे प्रश्न बहुतेक वेळा गोष्टीच्या रूपातच येतात. एक कंपनी असते, तिला काहीतरी जाणून घ्यायचं असतं, ती काही लोकांना गाठते आणि शेवटी विचारतात, ही पद्धत कोणती? किंवा, इथे कोणता बायस शिरला? पर्याय आधी वाचलेस तर त्यातला एखादा शब्द तुला गोष्टीत दिसतो आणि मन तिथेच रुतून बसतं. मी बरीच वर्षं फील्डवर काढली आणि पुढे पेपरही काढले, म्हणून सांगते, तो शब्द तिथे मुद्दाम पेरलेला असतो.

गोष्ट वाचताना एवढंच शोधायचं: चिठ्ठी कुणाच्या नावाची निघाली? एकेका माणसाच्या नावाची, गटाच्या नावाची, की कुणाच्याच नाही? बाकीची वाक्यं नंतर बघू. कंपनी मोठी की छोटी, हजार लोक की शंभर, ऑनलाइन की घरोघर, यातल्या कशानेच पद्धतीचं नाव बदलत नाही.

आपण एकच उदाहरण घेऊन बसू. समज, नाशिकमधली एक चहा कंपनी आहे. सुटा चहा विकते, पुडे बांधून घरपोचही देते. तिच्या वहीत 12,000 ग्राहक आहेत. त्यात 600 हॉटेलं आणि टपऱ्या, 2,400 किराणा दुकानं आणि 9,000 घरं. माल पोचवायला शहराचे 240 भाग पाडलेत, सेल्समन त्यांना बीट म्हणतात, आणि प्रत्येक बीटमध्ये 50 ग्राहक आहेत. कंपनीला कळून घ्यायचंय की ग्राहक खूश आहेत का. 400 जणांना विचारायचं ठरलंय. हे आकडे माझे, सोयीसाठी केलेले. पण या एका कंपनीतून चार पद्धतींचे चार प्रश्न काढता येतात, फक्त मधलं एक वाक्य बदलायचं.

पहिलं वाक्य: कंपनीने वहीतल्या 12,000 ग्राहकांना क्रमांक दिले, संगणकावर 400 क्रमांक काढले आणि त्याच ग्राहकांना फोन केले. चिठ्ठी एकेका ग्राहकाच्या नावाची निघाली, मध्ये कुठलाही गट आला नाही. हे सिंपल रँडम. इथे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असते. हे सगळी पुस्तकं सांगतात. पण नीट व्याख्या विचारली तर आणखी एक पाऊल पुढे जा: 400 जणांच्या प्रत्येक शक्य जोडणीला सारखी संधी असते. हा फरक लक्षात ठेव, कारण प्रत्येकाची संधी सारखी ठेवूनही पद्धत वेगळी असू शकते. थोड्या वेळाने आपण क्लस्टरकडे येऊ, तिथे हे दिसेल.

यात एक अट लपलेली आहे. यादी हवी. जिच्यातून चिठ्ठी काढायची ती पूर्ण, ताजी, एकाचं नाव दोनदा नसलेली यादी. तिला सॅम्पलिंग फ्रेम म्हणतात. गोष्टीत यादीच नसेल, उदाहरणार्थ ‘शहरात चहा पिणारे सगळे लोक’ असं म्हटलं असेल, तर सिंपल रँडम हा पर्याय तिथल्या तिथे खोडता येतो. चहा पिणाऱ्यांची यादी कुणाकडे असते?

आणि गोष्टीतल्या ‘सहज’, ‘अचानक’, ‘कुणालाही’, अगदी ‘रँडमली’ या शब्दालासुद्धा भुलू नकोस. ‘मॉलच्या दारात उभं राहून मुलाखतकाराने येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणालाही रँडमली थांबवलं’ असं वाक्य आलं की अर्धा वर्ग रँडमवर खूण करून मोकळा होतो. तिथे चिठ्ठी निघालीच नाही. मुलाखतकाराने निवडलं, आणि माणूस निवडतो तेव्हा तो हसतमुख चेहरा निवडतो, हातात पिशव्या नसलेला निवडतो, आपल्या वयाचा निवडतो. ते कळून-सवरून होत नाही. म्हणूनच तर निवड माणसाच्या हातात ठेवत नाहीत.

चिठ्ठी काढणंसुद्धा नीट व्हावं लागतं. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची भरती कुठल्या क्रमाने करायची, हे ठरवायला 1 डिसेंबर 1969 रोजी सोडत काढली होती. वर्षाच्या 366 तारखा प्लॅस्टिकच्या कुप्यांत घातल्या. पण त्या महिन्यामहिन्याने भरल्या गेल्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे क्रमांक अपेक्षेपेक्षा लवकर निघाले, आणि संख्याशास्त्रज्ञांनी ते आकड्यांवरून दाखवून दिलं. पुढच्या वर्षी सोडतीची पद्धत बदलावी लागली. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात ढवळलेला असला तरच. वरचंच शीत घेतलं तर खाली लागलेल्या भाताचा पत्ता लागत नाही. आता हे शीत बाजूला ठेवून पुन्हा चहाकडे येऊ.

दुसरं वाक्य: कंपनीने ग्राहकांचे हॉटेल-टपरी, किराणा आणि घर असे तीन गट केले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठीने ग्राहक निवडले. हे स्ट्रॅटिफाइड, म्हणजे स्तरित. तिसरं वाक्य: कंपनीने 240 बीटपैकी 8 बीट चिठ्ठीने निवडल्या आणि त्या आठ बीटमधल्या सगळ्या ग्राहकांना गाठलं. हे क्लस्टर.

या दोहोंत मुलं सर्वाधिक घोळ करतात, कारण दोन्हीकडे ‘गट’ आहे, दोन्हीकडे ‘रँडम’ आहे. आमच्या वेळी एका वरिष्ठांनी सांगितलेलं तेच तुला देते. सगळ्या गटांतले थोडे, तर स्तर. थोड्या गटांतले सगळे, तर क्लस्टर. चिठ्ठीच्या भाषेत बोलायचं तर स्तरितमध्ये गट आपोआप आत येतात, चिठ्ठी माणसाच्या नावाची निघते. क्लस्टरमध्ये चिठ्ठी गटाच्या नावाची निघते आणि माणसं त्या गटासोबत ओढली जातात. 8 बीटमधून 400 जण घेतले तेव्हाही प्रत्येक ग्राहकाची संधी सारखीच होती, 240 पैकी 8, म्हणजे 30 पैकी 1. पण एकाच बीटमधला एक ग्राहक आत आणि त्याचा शेजारी बाहेर, ही जोडणी इथे कधीच शक्य नाही. म्हणून संधी सारखी असूनही हे सिंपल रँडम नव्हे.

या मंत्राचा दुसरा भाग मात्र थोडा सैल ठेव. क्लस्टर निवडल्यावर आतल्या सगळ्यांनाच विचारतात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या लसीकरणाची पाहणी करायला 30 क्लस्टर आणि प्रत्येकातली 7 मुलं असा आराखडा वर्षानुवर्षं वापरला. गावातली सगळी मुलं नव्हे, सातच. तरी तो क्लस्टरच, दोन टप्प्यांचा. तेव्हा खात्री करायची ती पहिल्या भागाची: सगळे गट आत आले का? एकही गट चिठ्ठीमुळे बाहेर राहिला असेल तर तो क्लस्टरचा प्रश्न.

आणि दोन्ही एकत्रही येतात. आपल्याकडचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण 1950 मध्ये सुरू झालं, त्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस होते. त्याची साधारण घडण अशी की प्रदेशाचे आधी स्तर पाडायचे, प्रत्येक स्तरातून काही गावं किंवा शहरी विभाग निवडायचे आणि त्यांतून काही घरं. स्तर सगळे आत, गावं काहीच आत, घरं काहीच आत. पर्यायांत ‘स्तरित बहुटप्पा’ असं काही दिसलं आणि गोष्टीत दोन वेळा चिठ्ठी निघालेली असली, तर ‘स्तरित’ एवढ्यावर थांबू नकोस.

आता गट करायचे कशासाठी, हे कळलं की ‘कोणती पद्धत योग्य’ हे प्रश्नही सुटतात. स्तर पाडतो ते अचूकपणासाठी. स्तराच्या आत माणसं एकमेकांसारखी हवीत आणि स्तरास्तरांत फरक हवा. टपरीवाल्याची तक्रार वेगळी असते. त्याला रंग हवा, उकळल्यावर कडकपणा हवा, पहाटे माल हवा. घरच्या बाईला वास आणि भाव. क्लस्टर करतो ते पैशासाठी. 240 बीटमध्ये विखुरलेल्या 400 ग्राहकांकडे मुलाखतकार पाठवण्यापेक्षा आठ बीटमध्ये पाठवणं किती तरी स्वस्त. तिथे उलटी अपेक्षा असते. प्रत्येक क्लस्टर आतून जितका मिश्र तितका बरा, म्हणजे एकेक बीट शहराची छोटी प्रत असावी. प्रश्नात ‘उपगटांची तुलना करायची आहे’ किंवा ‘लहान पण महत्त्वाचा गट सुटू नये’ असं असलं तर स्तरित. ‘ग्राहक दूरवर पसरलेत, व्यक्तींची यादी नाही, पण गावांची किंवा वॉर्डांची आहे, पैसे कमी आहेत’ असं असलं तर क्लस्टर.

एक बेरीज करून बघ, कारण पाच गुणांचा प्रश्न इथूनच येतो. 400 ची प्रमाणात वाटणी केली तर हॉटेल-टपऱ्या 12,000 पैकी 600, म्हणजे 5 टक्के, म्हणून 20. किराणा 20 टक्के, म्हणून 80. घरं 75 टक्के, म्हणून 300. हे प्रमाणशीर स्तरित. आता मालक म्हणतो, टपऱ्या कमी असल्या तरी माल तिथेच जास्त खपतो, वीस जणांवरून मी काय ठरवू? बरोबर आहे त्याचं. मग 100 टपऱ्या, 100 किराणा, 200 घरं असं घ्यायचं. हे अप्रमाणशीर स्तरित, आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती पुढे.

समज, उत्तरं अशी आली: 100 टपऱ्यांपैकी 40 खूश, 100 किराणा दुकानांपैकी 60, 200 घरांपैकी 160. सगळे मिळून 400 पैकी 260, म्हणजे 65 टक्के ग्राहक खूश. पर्यायांत 65 असणारच, आणि तो सापळा आहे. आपण टपऱ्या त्यांच्या वाट्याच्या पाचपट घेतल्या, तेव्हा एकूण आकडा काढताना त्यांना पुन्हा त्यांच्या जागी बसवायला हवं. टपऱ्यांचे 40 टक्के गुणिले 5 टक्के वाटा म्हणजे 2, किराण्याचे 60 गुणिले 20 टक्के म्हणजे 12, घरांचे 80 गुणिले 75 टक्के म्हणजे 60. बेरीज 74. कंपनीचे 74 टक्के ग्राहक खूश आहेत. मुलाखती त्याच, उत्तरं तीच, आणि नुसत्या वजनामुळे नऊ टक्क्यांचा फरक. याला वेटिंग म्हणतात. अर्थात मालकाला खरी काळजी हवी ती टपऱ्यांच्या 40 ची, पण ते प्रश्नात विचारत नाहीत.

क्लस्टरची किंमत स्वस्ताईच्या मागे लपलेली असते. एका बीटवर सेल्समन एकच. तो उशिरा येणारा असला तर पन्नासच्या पन्नास घरं कुरकुरतात. तो गोड बोलणारा असला तर पन्नासही खूश. म्हणजे पन्नास मुलाखती घेऊनही पन्नास स्वतंत्र मतं मिळत नाहीत, एकच मत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. हे किती होतं ते मोजायला डिझाइन इफेक्ट नावाचं माप आहे. सूत्र असं:

1 + (m − 1) × ρ

m म्हणजे एका क्लस्टरमधल्या मुलाखती, ρ म्हणजे एका क्लस्टरमधली माणसं एकमेकांसारखी असण्याचं प्रमाण. ρ अगदी लहान, 0.05 धर. आठ बीट, प्रत्येकी 50: 1 अधिक 49 गुणिले 0.05, म्हणजे 3.45. 400 ला 3.45 ने भाग, सुमारे 116. चारशे मुलाखतींचे पैसे देऊन एकशे सोळांएवढीच माहिती हाती आली. त्याऐवजी 40 बीट निवडून प्रत्येकी 10 जण घेतले तर माप 1.45 आणि मुलाखती जवळजवळ 276 च्या तोलाच्या. म्हणून अनुभवी माणूस म्हणतो, क्लस्टर वाढवा, आतली माणसं कमी करा. बहुतेक क्विझमध्ये हे सूत्र विचारत नाहीत. विचारतात ते एवढंच, की तेवढ्याच नमुन्यात सिंपल रँडमच्या मानाने क्लस्टरची नमुना-चूक साधारण जास्त असते की कमी. जास्त. आणि नीट पाडलेल्या स्तरांची कमी. का, ते तुला आता ठाऊक आहे, पाठ करायची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र ठेव. क्लस्टरची ही चूक म्हणजे बायस नव्हे. चिठ्ठी खरी असेल तर क्लस्टरचं उत्तर एका बाजूला झुकत नाही, ते फक्त जास्त हलतं. आज या आठ बीट निघाल्या तर 66 येईल, उद्या दुसऱ्या आठ निघाल्या तर 81. हलणं वेगळं, झुकणं वेगळं. पर्यायांत ‘क्लस्टरमुळे बायस येतो’ आणि ‘क्लस्टरमुळे अचूकपणा कमी होतो’ असं शेजारी शेजारी ठेवतात, आणि मुलं पहिला पर्याय घेतात.

आता चौथं वाक्य: कंपनीने सेल्समनला सांगितलं, या आठवड्यात जे ग्राहक भेटतील त्यांतल्या 400 जणांकडून फॉर्म भरून आण. चिठ्ठी कुणाच्याच नावाची नाही. हे कन्व्हिनियन्स, सोयीचं सॅम्पलिंग. इथे बायसचं नाव सांगून गुण मिळतात, पण दिशा सांगितलीस तर पूर्ण गुण. दिशा शोधायला दोनच प्रश्न: कोण सुटलं, आणि सुटलेले आत आलेल्यांपेक्षा वेगळे का असतील? सेल्समनला दुपारी घरात असणारे भेटले, नोकरी करणारी जोडपी सुटली, आणि घरी कुणी नसताना माल आला म्हणून कुरकुरणारी तीच. शिवाय सेल्समन स्वतःच्याच कामाबद्दल विचारतोय, त्याच्या तोंडावर कोण वाईट बोलणार? दोन्हीचा परिणाम आकडा फुगण्याकडे.

आणि त्याहून खोल एक गोष्ट आहे, जी पहिल्या तीन वाक्यांनाही लागू आहे. कंपनीची वही म्हणजे आजचे ग्राहक. जे नाराज होऊन सोडून गेले ते वहीत नाहीतच. चिठ्ठी कितीही प्रामाणिक काढ, यादीत नसलेल्याच्या नावाची निघणार नाही. याला फ्रेमची चूक किंवा कव्हरेज बायस म्हणतात. आजचे ग्राहक किती खूश, एवढाच प्रश्न असेल तर ही वही चालेल. ‘नाशिककरांना आमचा चहा कसा वाटतो’ असा प्रश्न असेल तर तीच वही दिशाभूल करील. तेव्हा गोष्टीत कंपनीला नेमकं कुणाविषयी जाणून घ्यायचंय, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मार. बायस त्या ओळीच्या आणि यादीच्या मधल्या फटीत असतो.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं, 1936 चं. क्विझमध्ये ते हटकून येतं, म्हणून नीट समजून घे. लिटररी डायजेस्ट हे साप्ताहिक अध्यक्षीय निवडणुकीआधी पोस्टाने मतपत्रिका पाठवून कौल घेत असे आणि आधीच्या काही निवडणुकांत त्याचा अंदाज बरोबर आला होता. त्या वर्षी त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, जवळजवळ 24 लाख परत आल्या. त्यांवरून त्यांनी सांगितलं, रिपब्लिकन उमेदवार लँडन 57 टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना सुमारे 61 टक्के मतं पडली आणि लँडन यांना दोनच राज्यं मिळाली. जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत सुमारे 50 हजारांच्या नमुन्यावर रुझवेल्ट जिंकतील असं बरोबर सांगितलं होतं. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

चूक कुठे झाली? नावं टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदींसारख्या याद्यांतून घेतलेली. मंदीचा काळ, फोन आणि मोटार असलेले लोक इतरांपेक्षा सुस्थितीतले. ही फ्रेमची चूक. बरेच जण एवढं लिहून थांबतात. पण एक कोटीपैकी 76 लाख लोकांनी उत्तरच दिलं नाही, याचं काय? सत्तेवर असलेल्याविरुद्ध चिडलेला माणूस मतपत्रिका भरून पाठवण्याची तसदी जास्त घेतो. ही दुसरी चूक, नॉन-रिस्पॉन्स बायस, आणि पुढच्या अभ्यासकांनी तिचाही वाटा मोठा असल्याचं दाखवलं आहे. ‘लिटररी डायजेस्टमध्ये कोणते बायस होते’ असं विचारलं आणि दोन्ही एका पर्यायात असतील, तर तोच पर्याय घे.

इथेच तो पेटंट पर्याय येतो: ‘नमुना आणखी मोठा घ्यायला हवा होता.’ तो डोळे मिटून खोड. मोठ्या नमुन्याने हलणं कमी होतं, झुकणं नाही. रँडम नमुना 400 चा असेल तर टक्केवारीत साधारण 5 टक्के इकडेतिकडे धरतात. ते निम्मं करायचं तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे 1,600 लागतो. पण नमुना झुकलेला असेल तर 24 लाख उत्तरंही चुकीचाच आकडा, फक्त मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. म्हणूनच कन्व्हिनियन्स नमुन्याला ‘अधिक-उणे 5 टक्के’ असं शेपूट जोडलेलं दिसलं की समज, गोष्ट तिथेच चुकली. चिठ्ठीच नाही तर कुणाची संधी किती होती हे माहीत नाही, आणि ते माहीत नसेल तर चूक मोजणार कशी?

कोटा सॅम्पलिंग हा स्तरितचा तोतया भाऊ. ‘50 पुरुष, 50 स्त्रिया, त्यांतले निम्मे तिशीच्या आतले’ असं सांगून मुलाखतकाराला मोकळं सोडलं तर वरून स्तर दिसतात, पण प्रत्येक खान्यातली निवड सोयीची. अमेरिकेत 1948 च्या अध्यक्षीय निवडणुकीत मोठ्या पाहणी संस्थांनी अशाच कोट्यांवर ड्यूई जिंकतील असं सांगितलं आणि ट्रुमन निवडून आले. मतदानाच्या बरेच दिवस आधी विचारणं थांबवलं, हेही एक कारण होतं. पण कोटा भरताना मुलाखतकार आपल्याला सोपी वाटणारी माणसं घेतात ही गोष्ट तेव्हा उघडी पडली. म्हणून गोष्टीत गट दिसले, सगळे गट आत आलेले दिसले, तरी गटाच्या आत चिठ्ठी होती का हे एकदा बघ. नसेल तर उत्तर कोटा.

फील्डवर तर चिठ्ठी असूनही सोय आत शिरते. घरोघरच्या पाहणीत आमच्याकडे उजव्या हाताचा नियम असतो. ठरलेल्या ठिकाणापासून निघायचं, उजवा हात घरांच्या बाजूला ठेवून चालायचं आणि ठरलेल्या अंतराने एकेक घर घ्यायचं. कागदावर मुलाखतकाराला निवड उरत नाही. पण चौथा मजला आणि लिफ्ट नाही, ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी, कुलूप लागलेलं दार, अशी घरं हळूच वगळली जातात आणि शेजारचं घर फॉर्मवर चढतं. कुलूप कुणाच्या दाराला असतं? दोघंही कामाला जाणाऱ्यांच्या. पुड्यातला चहा, तयार मसाले, घरपोच किराणा यांचे ग्राहक नेमके तेच. म्हणून कुलपाच्या घरी वेगळ्या वेळी, शक्यतो संध्याकाळी किंवा रविवारी, पुन्हा जायचं असतं आणि तरी नाही भेटलं तर तसं नोंदवायचं असतं. तू पर्यवेक्षक असशील तेव्हा फॉर्मवरच्या वेळा बघ. सगळ्या मुलाखती अकरा ते चारमधल्या असतील आणि एकही घर बंद मिळालेलं नसेल, तर त्या फॉर्मांवर विश्वास ठेवू नकोस. क्विझमध्ये हेच ‘प्रतिसाद न देणाऱ्यांच्या जागी शेजारी घेतला’ असं लिहून येतं आणि उत्तर नॉन-रिस्पॉन्स बायस असतं.

सोयीच्या सॅम्पलिंगला मी शिव्या देते असं मात्र समजू नकोस. प्रश्नावली छापण्याआधी प्रश्न लोकांना कळतात का हे बघायला ऑफिसखालचा टपरीवाला पुरतो. नव्या पुड्याची चिकटपट्टी सहज फाटते का, हे शेजाऱ्यांच्या हातात देऊन कळतं. जिथे आकडा पूर्ण बाजाराला लावायचा नाही, फक्त काय काय असू शकतं ते शोधायचंय, तिथे ते योग्य आहे. ‘कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग कधीही वापरू नये’ असा पर्याय त्या ‘कधीही’मुळेच चुकीचा ठरतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवता तेही कन्व्हिनियन्सच. ज्याला हौस असते तो भरतो, हा त्यावर आणखी एक बायस, स्वयंनिवडीचा. फिरवा, पण अहवालात त्याला रँडम म्हणू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतो.

दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले तर प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. ‘कोणती पद्धत वापरली’ असं असेल तर चिठ्ठी बघायची. ‘कोणती पद्धत योग्य’ असं असेल तर हेतू, यादी आणि पैसा बघायचा. ‘मुख्य त्रुटी कोणती’ असं असेल तर सुटलेली माणसं बघायची: यादीतच नव्हती तर कव्हरेज, यादीत होती पण बोलली नाहीत तर नॉन-रिस्पॉन्स, मुलाखतकाराने टाळली तर निवडीचा बायस. आणि सगळं नीट असून आकडा थोडा इकडेतिकडे झाला असेल, तर ती नुसती नमुना-चूक. तिला बायस म्हणणारा पर्याय शेजारीच ठेवलेला असेल.

त्या 74 टक्क्यांचं गणित एकदा वही न बघता करून बघ. टपऱ्या 150, किराणा 50, घरं 200 अशी वाटणी घेऊन, गटांची टक्केवारी तीच ठेव. नुसती बेरीज 62.5 येईल आणि वजन लावल्यावर पुन्हा 74 च. का, ते तूच मला फोनवर सांग.